काजूबंदी नकोय, पाच मिनिटं हवीत : विमान कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
भारतातल्या सगळ्या विमान कंपन्या (खास करून कस्टमर केअर, केटरिंग आणि केबिन क्रूचं ट्रेनिंग बघणारे), आणि तुमच्यावर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, डीजीसीए

सप्रेम नमस्कार,

माझ्या मुलीला काजू आणि पिस्त्याची ॲलर्जी आहे. "खात नाही" वाली नाही, खरी, डॉक्टरांनी टेस्ट करून लिहून दिलेली, ज्यात ओठ सुजतात, अंगावर गांध्या उठतात, उलट्या होतात आणि मग श्वास अडकायला लागतो ती. मुलगी सहा वर्षांची आहे, वजन १८ किलो. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, त्यामुळे एकाची असली की बहुतेकदा दुसऱ्याचीही असते (आंबापण त्याच कुळातला, पण तो ती बाठीसकट चोखते, काही होत नाही, देवाची कृपा). शेंगदाणे चालतात. घरात दाण्याचं कूट डबाभर असतं. हे सगळं सुरुवातीलाच सांगतेय कारण तुमच्या लोकांना "नट ॲलर्जी" म्हटलं की ते शेंगदाण्याचं पाकीट बाजूला ठेवतात आणि काजूचं हातात देतात, आणि तेही हसून, मदत केल्याच्या आनंदात.

तर विषय. फोनवर, ईमेलवर, काउंटरवर, कुठेही ॲलर्जी हा शब्द काढला की तुमच्याकडून एक ठरलेलं वाक्य येतं, की मॅम आम्ही नट-फ्री फ्लाइटची गॅरंटी देऊ शकत नाही. अहो पण मी मागितलीच नाहीये ना गॅरंटी! १८० माणसं बसणार, कोणाच्या पिशवीत चिवडा आहे, कोणाकडे काजूकतलीचा बॉक्स आहे, दिवाळीच्या फ्लाइटला तर अर्ध्या केबिनमध्ये मिठाई असते, ते तुम्ही कसं थांबवणार आणि मी तरी का सांगू. पण होतं काय, की त्या न मागितलेल्या मोठ्या गोष्टीला नाही म्हणण्याच्या नादात तुम्ही आम्हाला खरंच लागणाऱ्या चार छोट्या गोष्टींनाही नाही म्हणून टाकता, आणि फोन संपतो.

म्हणून आधी धोका नेमका कुठे असतो ते बघू, कारण इथेच तुमचा आणि बऱ्याच आईबापांचाही गोंधळ आहे.

बहुतेकांना वाटतं की विमान म्हणजे बंद डबा, कोणी मागे दहा रांगा सोडून काजू खाल्ले तर त्याचे कण एसीतून फिरून पोरीच्या नाकात जाणार. मलाही भीती होती, सहाजिक आहे. पण यावर काम झालेलं आहे. २००३ मध्ये अमेरिकेत शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी असलेल्या ३० मुलांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रयोग झाला, साधारण एक फुटावर पीनट बटर ठेवून दहा मिनिटं त्याचा वास घेऊ दिला, एकालाही श्वासाचा किंवा अंगभर त्रास झाला नाही. त्याच मुलांच्या त्वचेला ते मिनिटभर लावून ठेवलं तेव्हा काहींना तेवढ्याच जागी लाली आली, खाज आली, बस. मग २०२४ मध्ये ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीने करवून घेतलेला मोठा आढावा छापून आला, त्यातही केबिनच्या हवेतून नट्सचे कण पसरून रिॲक्शन येतात याला पुरावा सापडला नाही. बहुतेक मोठ्या जेट विमानांत हवा वरून येते आणि त्याच रांगांच्या आसपास खाली जमिनीलगतच्या जाळीतून बाहेर ओढली जाते, विमानाच्या लांबीभर पुढून मागे वाहत नाही, आणि परत वापरली जाणारी हवा बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून येते. (मासे किंवा कोळंबी शिजतानाची वाफ ही वेगळी गोष्ट आहे, त्या वाफेने त्रास झालेले लोक आहेत, पण विमानात कोणी कोळंबी परतत बसत नाही.)

मग धोका कुठे? हातावर, ट्रेवर, बकलवर. आधीच्या फ्लाइटमध्ये त्याच सीटवर बसलेल्या काकांनी खारे काजू खाल्ले, बोटं आर्मरेस्टला पुसली, ट्रे बंद करताना ती छोटी खिट्टी फिरवली, स्क्रीनवर टकटक केलं. तुमचं विमान अर्ध्यापाऊण तासात परत उडतं, तेवढ्यात सफाईवाली मुलं येऊन कचरा उचलतात, बेल्ट नीट आडवे टाकतात, ट्रे पुसायला त्यांना वेळच नसतो आणि तो दोष मी त्यांना देत पण नाही. मग माझी मुलगी येते, ट्रे उघडते, त्यावर क्रेयॉन पसरते आणि दोन मिनिटात बोट तोंडात. सहा वर्षांच्या मुलाचे हात तोंडात जाणारच, आपण किती ओरडणार. ज्याने ॲलर्जी येते ते काजूचं प्रोटीन पोटात जातं ते असं.

आणि हे पुसून निघतं, ही चांगली बातमी आहे. २००४ मध्ये अमेरिकेतच तपासलेलं आहे, शेंगदाण्याचं प्रोटीन हाताला लागलं तर साबणाने जातं, वेट वाइप्सने जातं, पण नुसत्या पाण्याने पूर्ण जात नाही आणि सॅनिटायझरने तर अजिबात भरवशाचं नाही. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रोटीन फक्त इकडून तिकडे फासतो. कोविडपासून सगळ्यांना सवय लागलीये, तुमचे क्रूवाले पण प्रेमाने सॅनिटायझरची पुडी देतात, ती आमच्या काही कामाची नाही. आम्ही आमचे वाइप्स घेऊन येतो, साधे, साबणवाले. ट्रेच्या दोन्ही बाजू, ती खिट्टी, दोन्ही आर्मरेस्ट, बेल्टचं बकल, स्क्रीन असेल तर स्क्रीन, खिडकीची झडप, सीटच्या डोक्याकडचा भाग. समोरच्या खिशात हातच घालायचा नाही, त्यात कधी कोणी काय कोंबलंय देव जाणे. सीटवर घरची चादर. तुमचं ब्लँकेट आणि उशी घेत नाही.

आता या सगळ्याला तुमच्याकडून काय लागतं? पाच मिनिटं. बाकीचे प्रवासी आत यायच्या आधी. सगळे घुसल्यावर, मागे रांग खोळंबलेली, वरती बॅगा ढकलणं चालू, शेजारचे आजोबा आधीच बसलेले, तेव्हा मी वाकून बकल पुसायला लागले की सगळे बघतात आणि अर्धं राहून जातं. तुम्ही व्हीलचेअरवाल्यांना आधी घेता, तान्ह्या बाळांवाल्यांना घेता, कार्डवाल्यांना घेता (त्यांना तर काय घाई असते मला अजून कळलेलं नाही), त्यात एक कुटुंब आणखी. अमेरिकेत २०१९ मध्ये तिथल्या परिवहन खात्याने सरळ निकाल दिला की नट ॲलर्जी असलेला प्रवासी सीट पुसायला आधी बोर्डिंग मागत असेल तर ते नाकारणं हा अपंगत्वविषयक नियमाचा भंग आहे. आपल्याकडे असं स्पष्ट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून गेटवर कोण उभं आहे आणि त्याचा मूड कसा आहे यावर ठरतं. एका गेटवरचा मुलगा म्हणाला "या या मॅडम, आधी जा", दुसऱ्या एअरपोर्टवर, कंपनी तीच, "तुमचा झोन चार आहे."

आता निरोप पोचण्याबद्दल, कारण माझ्या मते तुमच्याकडे सगळ्यात मोठं भोक इथेच आहे. आमचाच एक प्रवास सांगते. पुणे-दिल्ली-लंडन, एकच तिकीट, पण दिल्लीपर्यंत एक कंपनी आणि पुढे दुसरी, पार्टनर म्हणतात तशी. तिकीट काढलं ट्रॅव्हल पोर्टलवर. तिथे ॲलर्जी लिहायला जागाच नाही, मीलचा एक ड्रॉपडाउन आहे, त्यात AVML, VJML, VGML असली अक्षरं. लोकांना वाटतं यातलं काहीतरी निवडलं की झालं, तर सांगते, AVML म्हणजे आपलं हिंदू शाकाहारी जेवण आणि त्यात काजूच्या ग्रेव्हीचा धोका सगळ्यात जास्त, VJML म्हणजे जैन, त्यात कांदा-लसूण नाही म्हणून ग्रेव्ही दाट करायला काजूची पेस्ट असू शकतेच, आणि VGML म्हणजे व्हीगन, त्यात दूध नाही म्हणून काजूचं क्रीम असू शकतं. मेजवानी छान आहे पण आमच्यासाठी तिन्ही लॉटरी.

मग मी पहिल्या कंपनीला मेल केला, त्यात आरक्षणाचा नंबर, सीट नंबर, काय ॲलर्जी आहे (काजू आणि पिस्ता, शेंगदाणे चालतात, असं तोडून), डॉक्टरांचं पत्र जोडलं, रिॲक्शन आली तर द्यायचं इंजेक्शन सोबत आहे हे लिहिलं. ऑटोमॅटिक उत्तर आलं. प्रवासाच्या तीन दिवस आधी कॉल सेंटरला फोन केला, तिकडची ताई खूप छान बोलली, "मॅम मी नोट टाकली आहे." मी म्हटलं कुठे टाकली? ती म्हणाली तुमच्या बुकिंगमध्ये रिमार्कमध्ये. बरं, हा रिमार्क पुढच्या कंपनीला दिसेल का? शांतता. मग "मॅम दिसायला पाहिजे."

दिसला नाही. कारण पुढच्या कंपनीचं बुकिंग तिच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये वेगळ्या नंबरने असतं, पहिल्या कंपनीत कोणी हाताने टाइप केलेला रिमार्क आपोआप तिकडे जात नाही, जायचं असेल तर ते स्पेशल सर्व्हिस रिक्वेस्ट म्हणून ठरलेल्या साच्यात टाकावं लागतं, साध्या नोटमध्ये नाही. आणि पहिल्या कंपनीत तरी काय झालं? पुण्याला दारात उभ्या असलेल्या क्रूला विचारलं, त्यांनी टॅब काढून दाखवला, त्यात सीट, नाव, मील कोड, व्हीलचेअर. आमच्या नावासमोर मीलचा कोड होता फक्त. म्हणजे मेल ऑफिसात राहिला, नोट बुकिंगमध्ये राहिली, गेटवर कोणाला माहीत नाही, आणि ज्या माणसाच्या हातात काजूचा डबा असणार त्याला माझ्याकडूनच पहिल्यांदा कळतंय, तेही बोर्डिंग चालू असताना.

मग तेव्हापासून मी प्रत्येक माणसाला परत परत सांगते, फोनवर, काउंटरवर, गेटवर, दारात, आणि ज्या क्रूच्या वाट्याला आमची रांग आहे तिला वेगळं. तुमच्या लोकांना मी डोकं खाणारी बाई वाटत असणार. पण दिल्लीला पुढच्या विमानात दारातल्या क्रूला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं आत्ता सांगितलंत, टेक ऑफनंतर मला वेळ नसता मिळाला." तिने स्वतःहून पुढच्या आणि मागच्या रांगेत जाऊन सांगितलं की इथे एका छोट्या मुलीला काजूची गंभीर ॲलर्जी आहे, तुम्हाला चालणार असेल तर या रांगांमध्ये काजू-पिस्ते नका उघडू. मोठी अनाउन्समेंट नाही, सगळ्या विमानाला धमकी नाही. पुढे बसलेल्या काकांकडे सुकामेव्याची पिशवी होती, त्यांनी ती बॅगेत टाकली आणि मुलीला विचारलं "मग तुला काय चालतं गं?" ती म्हणाली चिप्स. झालं, पूर्ण प्रवास त्यांची दोस्ती.

हे त्या ताईने तिच्या मनाने केलं. नियमात होतं म्हणून नाही. आणि मनावर सोडलं की पुढच्या वेळी दुसरं कोणी असतं.

म्हणून मागणं साधं आहे. बुकिंग करताना मीलच्या शेजारी फूड ॲलर्जीचा वेगळा रकाना द्या, ज्यात पदार्थाचं नाव निवडता येईल, शेंगदाणा वेगळा, काजू वेगळा, बदाम, अक्रोड, तीळ वेगळे. ते क्रूच्या यादीत सीट नंबरसमोर दिसू द्या, जसं व्हीलचेअर दिसतं तसं. पार्टनर कंपनी असेल तर तिकडे जाऊ द्या, आणि जाणार नसेल तर "पुढच्या कंपनीला तुम्ही स्वतः कळवा" असं स्क्रीनवर स्पष्ट लिहा, म्हणजे निदान आम्ही "दिसायला पाहिजे" वर झोपणार नाही.

जेवणाचं मी फार ताणणार नाही, कारण तुमचं जेवण आम्ही घेतच नाही. पोळी-भाजीचा रोल, थेपले, दशम्या, केळी, असं सगळं घरून, आणि फ्लाइट लेट झाली तर म्हणून एक डबा जास्तीचा (परदेशात उतरायच्या आधी फळं, भाजी संपवायची किंवा टाकायची, नाहीतर कस्टम्सवाले वेगळा तमाशा करतात). एवढंच करा की घरचं खाणं आहे म्हणून अडवू नका, "बाहेरचं अलाउड नाही" असं मुलीच्या डब्याकडे बघून म्हणणारे भेटलेत. पण दुसरी एक गोष्ट केटरिंगवाल्यांना सांगायचीये. तुम्ही जे पॅकबंद विकता, उपमा, पोहे, कुकी, त्यावर लेबल असतं. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंगच्या नियमात शेंगदाणे आणि नट्स असतील तर ते लिहिणं बंधनकारक आहे. (तीळ त्या यादीत नाहीत, म्हणजे तिळाची ॲलर्जी असलेल्याला घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते.) पण गरम जेवणाचा फॉइलचा डबा येतो त्यावर काय असतं, "पनीर" आणि एक हिरवा ठिपका. क्रूला विचारलं की त्या म्हणतात "मॅम व्हेज आहे." व्हेज आहे हे मान्य, पण ग्रेव्हीत काजू आहे का? त्यांना माहीत नसतं आणि माहीत असायला काही साधनच दिलेलं नसतं. प्रत्येक मेनूची घटकांची यादी क्रूच्या त्याच टॅबमध्ये टाका. केटररकडे ती असतेच, त्याशिवाय तो बनवतो कसं.

आणि एअरपोर्टवरचं खाणं पण याच्यातच धरायला हवं. २०१६ मध्ये लंडनहून नीसला जाणाऱ्या विमानात नताशा एडनान-लापरूझ नावाची पंधरा वर्षांची मुलगी तिळामुळे गेली, ते तीळ विमानातल्या जेवणात नव्हते, एअरपोर्टवर घेतलेल्या सँडविचच्या ब्रेडमध्ये होते आणि पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. त्रास वर आकाशात सुरू झाला, वडलांनी दोन इंजेक्शनं दिली, तरी वाचली नाही. त्यानंतर ब्रिटनने कायदाच बदलला, २०२१ पासून तिथे दुकानातच बनवून पॅक केलेल्या खाण्यावर सगळे घटक लिहावे लागतात.

आता त्या इंजेक्शनबद्दल, आणि हे क्रू ट्रेनिंगवाल्यांनी जरा नीट वाचावं.

अशी रिॲक्शन जीवघेणी व्हायला लागली की औषध एकच, ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. सेट्रिझिन वगैरे गोळ्या खाज कमी करतात, श्वास आणि बीपी वाचवत नाहीत. गांध्यांसोबत उलट्या, आवाज घोगरा होणं, सारखा कोरडा खोकला, घरघर, किंवा मूल अचानक मलूल पडणं, यातलं काही दिसलं की थांबायचं नाही. आमच्या डॉक्टरांनी तिच्या वजनाला ०.१५ मिलीग्रॅमची पेन, म्हणजे माप आधीच भरलेलं तयार इंजेक्शन, लिहून दिलीये, फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी दुसरी, म्हणून कायम दोन सोबत असतात आणि लांबच्या प्रवासाला त्याहून जास्त. ही पेन आपल्याकडे सहज मेडिकलमध्ये मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते आणि महाग पडते, त्यामुळे बरेच आईबाप ॲड्रेनलिनचा साधा ॲम्पूल, सिरिंज आणि डॉक्टरांनी लिहिलेलं किती मिली भरायचं ते घेऊन फिरतात. तो ॲम्पूल काही रुपयांना येतो. पण थरथरत्या हाताने विमानात काच फोडून ०.१५ मिली मोजून भरायचं, करून बघा एकदा.

सिक्युरिटीत सिरिंज दिसली की प्रश्न येतात, म्हणून प्रिस्क्रिप्शन आणि पत्र हातात, मुलीचं नाव लिहिलेलं. हरकत नाही, विचारा. पण एक चूक तुमचे लोक करतात, केबिन भरली की हातातली बॅग "खाली पाठवतो" म्हणून टॅग लावतात. इंजेक्शनची पिशवी खाली जाणार नाही. वरच्या कपाटातही जाणार नाही, सीटबेल्टचा दिवा लागलेला असताना मी उठून कपाट उघडणार का? ती समोरच्या सीटखाली, माझ्या पायाशी.

दुसरं, आणि हे मला आमच्या डॉक्टरांनी तीनतीनदा बजावलंय. रिॲक्शन आलेल्या माणसाला उभं करायचं नाही, चालवायचं नाही. बीपी पडलेलं असताना उठून उभं राहिलं की हृदयाकडे रक्त पोचत नाही आणि माणूस तिथेच कोसळू शकतो. विमानात नेमकं उलटं होतं, उलटी येतेय म्हणून लोक टॉयलेटकडे पळवतात, दार बंद होतं, आत काय चाललंय कोणाला दिसत नाही. पिशवी द्या, सीटवरच उलटी करू द्या, शेजारच्या सीट रिकाम्या करून आडवं करा, पाय वर, आणि श्वासाचाच त्रास जास्त असेल तर बसलेलं राहू द्या, पाय लांब करून. घाण नंतर पुसता येते.

आणि बरं वाटलं की विषय संपला असं नाही. काही तासांनी त्रास परत येऊ शकतो, त्यामुळे इंजेक्शन दिलं की खाली डॉक्टरांशी बोलणं, उतरल्यावर ॲम्ब्युलन्स, हे हवंच, मूल हसत खेळत असलं तरी.

आता एक कडू गोष्ट. तुमच्यातले काही लोक ॲलर्जी सांगितल्यावर एक कागद पुढे करतात, की काही झालं तर कंपनी जबाबदार नाही, सही करा. किंवा सुपरवायझरला बोलावतात, तो विचारतो "फिट टू फ्लाय आहे का?", आणि मागे उतरवून ठेवायची भाषा ऐकू येते. मला तुमची कायद्याची भीती कळते. पण याने काय होतं माहितीये? लोक सांगणंच बंद करतात. आमच्या ओळखीतली कितीतरी कुटुंबं आहेत जी गप्प बसतात, मुलाची सीट हळूच पुसून घेतात, क्रूला शब्द नाही, कारण लग्नाला पोचायचंय, उतरवलं तर काय करणार. म्हणजे तुमच्या विमानात ॲलर्जीवालं मूल बसलेलंच आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही. यात सुरक्षित कोण झालं? सही घ्यायची तर घ्या, पण सही घेतल्यावर क्रूला निरोपही द्या, आणि इंजेक्शन सोबत असलेल्या, स्थिर तब्येतीच्या प्रवाशाला उतरवणार नाही हे वेबसाइटवर लिहा. ब्रिटनच्या त्या आढाव्यातही हेच सुचवलंय की कंपनीचं ॲलर्जीचं धोरण स्पष्ट असावं आणि सहज सापडावं. सध्या ते शोधायला गेलं तर अटी-शर्तींच्या चाळिसाव्या परिच्छेदात "कंपनी जबाबदार राहणार नाही" एवढंच सापडतं.

काजूच्या विक्रीबद्दलही दोन शब्द. विकू नका असं म्हणत नाही, डब्यातले मसाला काजू तुमची चांगली कमाई आहे हे दिसतंच. अमेरिकेत साउथवेस्ट या विमान कंपनीने २०१८ मध्ये शेंगदाणे वाटणं बंद केलं, त्यांचं काही अडलं नाही, पण ते त्यांचं बघतील. आम्हाला पुढची-मागची रांग आणि आमची, एवढ्यात विकला नाही तरी पुरे. आणि गाडी घेऊन येणाऱ्या क्रूने काजूचा डबा उघडून दिलेल्या हाताने मुलीला पाण्याचा ग्लास देऊ नये, हात साबणाने धुवावेत नाहीतर ग्लोव्ह बदलावेत.

शेवटचं डीजीसीएला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या शिफारशीत १०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या आणि दोन तासांहून लांब उड्डाणांत डॉक्टरांसाठीचं वैद्यकीय किट सांगितलेलं आहे आणि त्यातल्या औषधांच्या यादीत ॲड्रेनलिन आहे. पण ते ॲम्पूलमध्ये असतं आणि किट डॉक्टर किंवा तसं शिकलेल्या माणसाच्या हाती द्यायचं असतं. म्हणजे आधी "कोणी डॉक्टर आहे का" ची घोषणा, कोणी उठलं तर ठीक, त्याचं ओळखपत्र बघायचं, मग सील तोडायचं, मग भरायचं. अरबी समुद्रावर असताना उतरायलाच तास जाऊ शकतो, इथे ही पहिली दहा मिनिटंच महत्त्वाची. त्यामुळे विनंती दोन. एक, प्रत्येक प्रवासी विमानात, पुणे-गोवा असलं छोटं असलं तरी, मोठ्यांच्या आणि मुलांच्या मापाची ॲड्रेनलिनची पेन ठेवायला लावा, आणि पेन मिळत नसतील तर आधीच भरून सील केलेल्या, माप लिहिलेल्या सिरिंज. दोन, क्रूला ती देण्याचं ट्रेनिंग आणि परवानगी द्या, जमिनीवरच्या डॉक्टरने रेडिओवर हो म्हटलं की दिली, असं. ते होईपर्यंत निदान सगळ्या कंपन्यांना हे वेबसाइटवर टाकायला सांगा की कोणत्या फ्लाइटमध्ये कोणतं किट असतं, त्यात ॲड्रेनलिन आहे की नाही आणि ते कोण उघडू शकतं. तिकीट काढायच्या आधी दिसेल अशा जागी टाका, म्हणजे किती पेन सोबत घ्यायच्या ते आम्हाला ठरवता येईल.

आपली,
काजू-पिस्त्याची ॲलर्जी असलेल्या एका मुलीची आई, पुणे

ता.क. : गेटवरच्या ज्या मुलाने "आधी जा" म्हटलं त्याने नियम मोडला म्हणून त्याला कोणी ओरडू नये.